लघवीची गोळी रोज घेऊनही पाय का सुजतात? डॉक्टर डोस थेट दुप्पट का करतात, समजून घ्या

वाशिम : हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या घरात ‘लघवीची गोळी’ म्हणजे बहुतेक वेळा फ्युरोसेमाइड. गोळी रोज सुरू असते, तरी पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. मग गोळी बनावट आहे का? बहुतेक वेळा नाही. अडचण औषध पोहोचण्याची असते.

हे औषध रक्तातून थेट काम करत नाही. मूत्रपिंडाच्या नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते रक्तातून उचलून नळीत सोडतात. तिथून ते लघवीसोबत वाहत पुढच्या वळणावर, म्हणजे ‘लूप’वर पोहोचतं. गाळलेल्या मिठापैकी साधारण पाव हिस्सा तिथला एक पंप शरीरात परत ओढतो. औषध हा पंप आतून बंद करतं. मीठ लघवीत जातं आणि त्यामागे पाणीही.

मेख अशी की, नळीत औषधाचं ठरावीक प्रमाण झाल्याशिवाय परिणाम जवळपास दिसतच नाही. आपल्याकडे व्होल्टेज कमी असलं की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, तसंच. अंगावर सूज असते तेव्हा आतड्यालाही सूज येते. गोळी उशिरा आणि बेभरवशाने शोषली जाते. मूत्रपिंड कमजोर असेल, तर नळीत त्याहून कमी पोहोचतं.

समजा, रिसोडकडचे ६५ वर्षांचे एक शेतकरी रोज ४० मिलिग्रॅमची गोळी घेतात. आठवड्यात वजन ६४ वरून ६८ किलो झालं आणि ते दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टर शिरेतून ८० मिलिग्रॅम देतात. दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासतात. ते लिटरमागे ५० ते ७० मिलिमोलच्या वर हवं, आलं ३५. पहिल्या सहा तासांत तासाला किमान १०० ते १५० मिली लघवी व्हायला हवी, झाली ६०. म्हणजे मोटर सुरूच झाली नाही. अशा वेळी तेच ८० पुन्हा देण्यात अर्थ नसतो. पुढचा डोस १६० चा. लघवी तासाला २०० मिलीवर गेली की तोच डोस ठरलेल्या वेळी पुन्हा देतात. रोज सकाळी वजन होतं, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं जातं. डोस वाढवूनही लघवी वाढली नाही, तर नळीच्या पुढच्या भागावर काम करणारं दुसरं औषध जोडतात.

लॅसिक्स या नावातच सहा तासांचा हिशेब दडलाय, असं सांगतात. असर ओसरला की मूत्रपिंड पुन्हा हावरटासारखं मीठ ओढतं. त्यामुळे सकाळी गोळी आणि रात्री लोणचं-पापड असं चाललं, तर सकाळी गेलेलं मीठ रात्री परत येतं.

घरी दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, तर स्वतः जादा गोळी घेऊ नका, वजनाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. उलट्या-जुलाब सुरू असतील किंवा उठताना चक्कर येत असेल, तर डोस कमी करावा लागू शकतो. तेही त्यांनाच विचारून.