बोलण्याची वेळ आणि करण्याची वेळ

पुरणपोळीचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ बघताना बहुतेकांना त्यातला एकच तुकडा हवा असतो. कुणाला कणीक किती सैल हवी ते बघायचं असतं, कुणाला पुरण झालं हे ओळखायचं कसं ते. तो तुकडा सापडावा म्हणून यूट्यूबवर व्हिडिओचे चॅप्टर पाडता येतात. व्हिडिओखालच्या माहितीत वेळ आणि नाव अशी यादी लिहिली की खालची पट्टी त्या त्या ठिकाणी तुटते. अटी मोजक्या आहेत: पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि कुठलाही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान नको. या वेळा काढायचा सोपा रस्ता म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं सगळं वेळेसकट लिहिलेलं. बऱ्याच व्हिडिओंच्या माहितीत खाली ‘Show transcript’ असं बटण असतं. व्हिडिओ स्वतःचाच असेल तर सबटायटलची फाइल हाताशी असते. तिच्यातली एक नोंद अशी दिसते:

```
71
00:06:05,200 --> 00:06:09,800
आता यात एक वाटी गूळ घालायचा
```

स्वल्पविरामानंतरचे आकडे सेकंदाचे हजारावे भाग आहेत, ते सोडून द्यायचे. उरलं 6:05. हीच वेळ उचलून ‘गूळ घालणे’ असं लिहून टाकावंसं वाटतं, पण गफलत इथेच होते. ट्रान्सक्रिप्ट सांगतं ती बोलण्याची वेळ, करण्याची नव्हे. व्हिडिओ उघडून बघितला तर बाईंनी निथळलेली डाळ 5:52 लाच कढईत ओतलेली असते. मग त्या ती घोटतात, गॅस बारीक करतात आणि त्यानंतर गुळाबद्दल बोलतात. बघणाऱ्याला 6:05 ला नेऊन सोडलं तर डाळ कढईत कधी आली हे त्याला कळतच नाही. म्हणून ट्रान्सक्रिप्टवरून जागा हेरायची, तिथून वीसेक सेकंद मागे जायचं आणि हात नव्या कामाला जिथे लागतो ती वेळ धरायची.

जागा हेरायला बोलण्यातले काही शब्द उपयोगी पडतात. ‘आता’ने बहुधा नवी पायरी सुरू होते. मात्र ‘आता बघा, किती छान रंग आलाय’ ही पायरी नव्हे, म्हणून पुढचं क्रियापद हाताने करायच्या कामाचं आहे का, ते बघायचं. ‘तोवर’ आला की दोन कामं एकाच वेळी चाललीत असं समजायचं. आपल्या व्हिडिओत 3:02 ला ‘कुकर होतोय तोवर कणीक भिजवून घेऊ’ असं वाक्य आहे. ‘घेतली होती’, ‘ठेवलं होतं’ अशी क्रियापदं आली की ते काम कॅमेरा सुरू होण्याआधीच उरकलेलं असतं. 1:40 ला बाई म्हणतात, ‘डाळ मी दोन तास भिजवून घेतली होती.’ या वाक्याला वेळ आहे, पण तिथे दाखवण्यासारखं काहीच नाही. आणि ‘राहिलंच सांगायचं’ हे सगळ्यांत फसवं. पुरण होत आल्यावर 8:58 ला बाईंना आठवतं, ‘गुळाबरोबर चिमूटभर मीठ घालायचं, ते सांगायचं राहिलं.’

सगळ्या खुणा तपासून झाल्यावर यादी अशी तयार होते:

```
0:00 ओळख आणि साहित्य
1:35 डाळ कुकरला लावणे
2:58 कणीक भिजवणे
5:14 डाळ निथळून कट काढणे
5:52 गूळ घालून पुरण शिजवणे
9:16 पुरण वाटणे
10:27 पुरण भरून पोळी लाटणे
12:08 पोळी भाजणे
```

चौदा मिनिटांना आठ चॅप्टर पुरेत. वेलची, जायफळ, तूप यांना वेगळे चॅप्टर दिले तर पट्टीचे इतके बारीक तुकडे होतात की त्यात काही शोधणंच अवघड जातं. नावात काम आलं पाहिजे. नुसतं ‘पुरण’ म्हटलं तर शिजवणं की वाटणं, ते कळत नाही.

आता लेखी कृती. वरच्याच नोंदी सलग लिहून काढल्या की कृती तयार झाली, असं वाटणं साहजिक आहे. पण चॅप्टर व्हिडिओच्या क्रमाने चालतात, कृती मात्र कामाच्या क्रमाने चालली पाहिजे. म्हणून भिजवलेल्या डाळीचं वाक्य वर जाऊन पूर्वतयारीत बसतं: ‘एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवा.’ नाहीतर वाचणाऱ्याला दोन तास आधी करायची गोष्ट कुकर काढल्यावर कळायची. कणीक ‘कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत’ असं म्हणून डाळीच्या पायरीला जोडायची. मीठ 8:58 वरून उचलून गुळाच्या पायरीत घालायचं, आणि साहित्याच्या यादीतही.

व्हिडिओतली मिनिटं तर कृतीत मुळीच उतरवायची नाहीत. कुकर लावला 1:35 ला आणि डाळ निथळली 5:14 ला, म्हणजे डाळ साडेतीन मिनिटांत शिजली असं नव्हे. मधला भाग कापलेला आहे. तिथे व्हिडिओत सांगितलेल्या शिट्ट्या लिहायच्या. पुरणाला तर वेळेपेक्षा खूण महत्त्वाची: ‘उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद करा.’ हे वाक्य ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे म्हणून बरं. पण ‘एवढं पाणी’, ‘असं मऊ’, ‘इथून दाबायचं’ ही वाक्यं कागदावर निरर्थक ठरतात. अशा प्रत्येक जागी व्हिडिओ थांबवून बघायचं आणि जे दिसतं ते लिहायचं: पाणी डाळीच्या वर दोन बोटं, कणीक पोळीच्या नेहमीच्या कणकेपेक्षा सैल. यंत्राने आपोआप लिहिलेल्या मजकुरात ‘पुरण’चं ‘पूर्ण’ सहज होतं. मापाच्या जागी असा घोटाळा झाला तर पदार्थ बिघडतो, म्हणून आकडे आणि मापं ऐकूनच पक्की करायची.

दुरुस्तीच्या व्हिडिओत या चुका अंगाशी येतात. सीलिंग फॅनचा कपॅसिटर बदलणारा कारागीर ‘ही वायर इथे लावायची’ एवढंच म्हणतो. वायरींचे रंग आणि जागा फक्त चित्रात असतात, त्या पाहूनच लिहाव्या लागतात. नवा कपॅसिटर जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा हवा, पण तो आकडा बऱ्याचदा कुणी उच्चारत नाही, नुसता कॅमेऱ्यासमोर धरतो. आणि फॅन उघडून झाल्यावर केव्हातरी कानावर पडतं, ‘मेन स्विच मी आधीच बंद केलाय.’ चॅप्टरमध्ये हे वाक्य आहे तिथेच राहील. लेखी मार्गदर्शकात मात्र ती पायरी क्रमांक एक. वीज, गॅस, उकळतं तेल यांबद्दलची सूचना कुठेही बोललेली असो, ज्या कामाला ती लागू आहे त्याच्या आधी लिहायची.

शेवटी दोन तपासण्या कराव्या. प्रत्येक चॅप्टरवर टिचकी मारून पहिली पाच सेकंदं बघायची. काम सुरू होताना दिसलं तर वेळ बरोबर. अर्धं झालेलं दिसलं तर मागे सरकवायची. सगळ्याच वेळा सारख्याच अंतराने चुकल्या असतील तर ट्रान्सक्रिप्ट काढल्यानंतर कुणीतरी सुरुवातीचा भाग कापला आहे असं समजायचं आणि तेवढी सेकंदं सगळीकडून वजा करायची. दुसरी तपासणी कृतीची. साहित्यातला प्रत्येक जिन्नस पायऱ्यांमध्ये कुठे वापरला यावर पेन्सिलने खूण करायची, मग उलट बाजूने पायऱ्यांतला प्रत्येक जिन्नस यादीत शोधायचा. जो सापडत नाही तो बहुधा बोलण्याच्या ओघात आलेला, नाहीतर न बोलता कढईत पडलेला असतो. अशा वेळी पुन्हा व्हिडिओ उघडायचा, आणि या खेपेला आवाज बंद करून बघायचा.