नदीपलीकडचं झाड

दहावीच्या भूमितीत उंची आणि अंतरावरचं उदाहरण चुकतं, ते बहुधा आकडेमोडीमुळे नाही. tan 60° म्हणजे √3 हे वर्गातल्या बहुतेकांना पाठ असतं. चूक होते ती त्याच्या आधी, शाब्दिक वाक्याची आकृती करताना. आकृती नीट उतरली की उरलेलं काम दोन-चार ओळींचं असतं, आणि ती फसली की पुढच्या सगळ्या ओळी बिनचूक लिहूनही उत्तर भलतंच येतं.

नेहमीचंच एक उदाहरण घेऊ. नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या काठावरच्या झाडाचा शेंडा 60° च्या उन्नत कोनात दिसतो. तो सरळ 40 मीटर मागे येतो, तेव्हा तोच शेंडा 30° च्या उन्नत कोनात दिसतो. तर झाडाची उंची आणि नदीची रुंदी किती?

हा माणूस मागे का आला, हे आधी समजून घ्यायला हवं. झाडापर्यंतचं अंतर माहीत असतं तर एकाच कोनावरून उंची निघाली असती. पण मध्ये नदी आहे, तिथे टेप धरता येत नाही. म्हणजे उंचीही अज्ञात आणि अंतरही अज्ञात. दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणं लागतात, आणि दुसरं समीकरण मिळावं म्हणून दुसऱ्या जागेवरून दुसरा कोन घ्यायचा. मोजलेली लांबी एकच आहे, आपल्या काठावरची 40 मीटर.

आता उदाहरण एकेक वाक्य वाचत आकृती काढायची. झाड उभं, म्हणून AB ही उभी रेघ, A शेंडा आणि B बुंधा. माणसाची पहिली जागा C, दुसरी D. उन्नत कोन जमिनीच्या रेषेपासून वर मोजतात, म्हणून 60° हा C पाशी आणि 30° हा D पाशी. शेंड्याजवळ एकही कोन लिहायचा नाही.

```
A
|\ \
| \   \
|  \     \
|   \       \
|  60\      30 \
B-----C-----------D
   x       40
```

AB = h मानू, BC = x मानू. इथे एक जागा घात करणारी आहे. 40 मीटर हे CD आहे, BD नव्हे. BD म्हणजे x + 40. घाईत अनेक जण D पासून झाडापर्यंतच 40 लिहून टाकतात आणि नदी गायब होते. प्रत्येक लांबी कुठून कुठपर्यंत आहे ते आकृतीतच लिहिलं की हा घोटाळा टळतो.

दोन काटकोन त्रिकोण आहेत, दोघांची उभी बाजू AB एकच. कर्णाशी आपलं काही काम नाही, कारण तो दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही. म्हणून sin, cos बाजूला ठेवून tan घ्यायचा.

ΔABC मध्ये,
tan 60° = AB/BC
√3 = h/x
h = √3 x ……(1)

ΔABD मध्ये,
tan 30° = AB/BD
1/√3 = h/(x + 40)
x + 40 = √3 h ……(2)

(1) मधली h ची किंमत (2) मध्ये ठेवून,
x + 40 = √3 × √3 x = 3x
2x = 40
x = 20

h = 20√3 = 20 × 1.73 = 34.6

नदीची रुंदी 20 मीटर आणि झाडाची उंची 34.6 मीटर. √3 ची किंमत शेवटच्या ओळीपर्यंत घालायची नाही. मध्येच 1.73 घातली तर √3 × √3 चे सरळ 3 होण्याऐवजी 2.9929 होतात आणि उत्तर विनाकारण वाकडं येतं.

या उत्तरात पाहण्यासारखी गोष्ट आहे. BC 20 मीटर, BD 60 मीटर. कोन निम्मा झाला, पण अंतर दुप्पट नाही, तिप्पट झालं. कोन आणि अंतर सम प्रमाणात बदलत नाहीत, त्रैराशिक इथे चालत नाही. नेमक्या याच समजुतीने काही मुलं x + 40 = 2x मांडून रुंदी 40 मीटर काढतात.

ताळा करायला दुसरी वाट आहे, आणि मला ती पहिलीपेक्षा देखणी वाटते. ∠ACB हा ΔACD चा बाह्यकोन आहे, म्हणून 60° = 30° + ∠CAD, म्हणजे ∠CAD = 30°. त्रिकोणाचे दोन कोन सारखे, तेव्हा AC = CD = 40. आता ΔABC हा 30°-60°-90° चा त्रिकोण. त्यात 30° समोरची बाजू BC ही कर्णाच्या निम्मी, म्हणजे 20. समीकरण न मांडता रुंदी हाती आली. पण ही वाट दुसरा कोन पहिल्याच्या बरोबर निम्मा असेल तेव्हाच उघडते.

उदाहरणात माणसाची उंची दिली असेल, समजा डोळे जमिनीपासून 1.5 मीटरवर, तर त्रिकोणाचा पाया जमिनीवर नसून डोळ्यांच्या पातळीवर येतो. रुंदी 20 मीटरच राहते. उंची मात्र 34.6 + 1.5 = 36.1 मीटर. हे 1.5 सर्वांत शेवटी मिळवायचे.

अवनत कोनात मात्र आकृतीच फसवते. 60 मीटर उंच दीपगृहावरून जहाज 30° च्या अवनत कोनात दिसतं. हा कोन निरीक्षकाच्या डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा, म्हणजे तो त्रिकोणाच्या बाहेर पडतो. व्युत्क्रम कोनांच्या गुणधर्माने तेवढाच 30° जहाजापाशी येतो आणि अंतर 60√3, सुमारे 104 मीटर निघतं. 30° चुकून दीपगृहाच्या उभ्या रेषेलगत लिहिला तर उत्तर येतं 34.6 मीटर. ही चूक ओळखायला आकडेमोड लागत नाही. कोन 45° पेक्षा लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्तच असलं पाहिजे.

कागदावर कोन नेहमी 30°, 45°, 60° असे गुणी असतात. कोनमापकाला ओळंबा बांधून शाळेच्या आवारातलं झाड मोजू लागलं की एखाद्या अंशाची चूक होतेच. वरच्या उदाहरणात D पाशी 30° ऐवजी 31° वाचला गेला, तर उंची 36.8 मीटर येते, दोनेक मीटरचा फरक. पण माणूस 40 ऐवजी फक्त 5 मीटर मागे आला असता, तर दुसरा कोन जवळपास 54° भरला असता, आणि तिथे तोच एक अंश जास्त वाचला गेला की झाड 42 मीटरचं झालं असतं. दोन जागा फार जवळ घेतल्या की दोन्ही दृष्टिरेषा जवळजवळ एकाच दिशेने जातात आणि त्या कुठे मिळतात हे नेमकं सांगता येत नाही. म्हणून मोजायला जाताना टेप लांब न्यावी आणि दुसरा कोन पहिल्यापेक्षा ठळक लहान होईपर्यंत मागे सरकावं.