घर सोडण्याची सूचना : संदेश पुरेसा की ई-मेल आवश्यक?

भाड्याचे घर सोडण्याचे ठरले की अनेक भाडेकरू घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा संदेश पाठवतात. पलीकडून अंगठ्याचे चिन्ह येते आणि विषय संपला असे मानले जाते. अनामत रक्कम परत मागताना मात्र ती एक ओळ पुरेशी होती का, हा प्रश्न उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका सदनिकेचे मासिक भाडे २५ हजार रुपये आणि अनामत ७५ हजार रुपये आहे. घर सोडण्यापूर्वी एक महिन्याची लेखी सूचना द्यावी, अशी करारात अट आहे. भाडेकरूने २९ एप्रिलच्या रात्री संदेश पाठवला, ‘पुढच्या महिन्याच्या शेवटी घर सोडतो आहे.’ घरमालकाने तो १ मे रोजी वाचला. भाडेकरूच्या लेखी पुढचा महिना म्हणजे मे. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ जून असा घेतला. मेअखेरीस किल्ल्या परत करताना घरमालकाने सूचना अपुरी ठरवून एका महिन्याचे भाडे अनामतीतून कापून घेतले. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. संदेशात तारीखच नव्हती.

असा संदेश कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असतो, असे मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ नुसार, जिथे कायद्याने मजकूर लेखी असणे आवश्यक आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही चालतो. मात्र तो पुढे संदर्भासाठी पाहता आला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस संबंधिताने उघडून पाहिल्याचे निळ्या खुणांवरून ग्राह्य धरले होते.

खरी अडचण ‘पुढे पाहता येणे’ या अटीपाशी येते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश पाठवल्यानंतर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि सुमारे दोन दिवस दोन्ही बाजूंकडून पुसून टाकता येतो. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर नंतरचे संदेश निवडलेल्या मुदतीनुसार २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी जातात. अंगठ्याचे चिन्ह तर केव्हाही मागे घेता येते. वाचल्याची खूण बंद ठेवणाऱ्याने संदेश कधी पाहिला, हेही कळत नाही. याउलट, समोरच्याच्या खात्यात पोहोचलेला ई-मेल पाठवणाऱ्याला सहसा परत घेता येत नाही आणि फोन बदलला तरी तो खात्यात राहतो.

वाद न्यायालयात गेलाच, तर दोहोंना नियम सारखाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संदेशाची किंवा ई-मेलची छापील प्रत पुरावा म्हणून देताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. केवळ पडद्याचे छायाचित्र पुरेसे नसते. म्हणजेच ई-मेलला कायद्याने वरचे स्थान दिलेले नाही. त्याचा लाभ आहे तो नोंद टिकण्यात आणि मजकूर पूर्ण लिहिला जाण्यात.

वरील उदाहरणात ई-मेलच्या विषयाच्या ओळीत सदनिकेचा क्रमांक आणि ‘घर सोडण्याची सूचना’ एवढे लिहिणे पुरेसे होते. मजकुरात कराराची तारीख, सूचनेचे संबंधित कलम, ‘३१ मे रोजी घर रिकामे करून किल्ल्या सुपूर्द करीन’ हे वाक्य, अनामतीची रक्कम आणि ती कोणत्या खात्यात जमा करावी, याचा उल्लेख हवा. शेवटी पोच देण्याची विनंती करावी. असे पत्र १ मे रोजी वाचले गेले असते, तरी ‘पुढचा महिना’ कोणता, हा वाद उद्भवलाच नसता.

ई-मेललाही मर्यादा आहेत. अनेक घरमालक तो नियमित पाहत नाहीत आणि काही पत्रे नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडतात. म्हणून ई-मेल पाठवल्यावर ‘सूचना ई-मेलने पाठवली आहे, कृपया मिळाल्याचे कळवावे’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावा. त्याआधी करार वाचणे महत्त्वाचे; सूचना नोंदणीकृत टपालानेच द्यावी, अशी अट असेल तर केवळ ई-मेलवर विसंबू नये.

घर दाखवण्याची वेळ, नळदुरुस्तीसाठी येणारा माणूस, किल्ली कोणाकडे ठेवायची, यांसाठी संदेशच सोयीचा. मात्र ज्या मजकुरावरून पुढे पैशांचा किंवा मुदतीचा हिशेब होणार आहे, तो संदेशातून ठरला असला, तरी त्याच दिवशी तारखेसह ई-मेलवर उतरवून ठेवणे हिताचे ठरते.