एक लक्षण, तक्त्यातल्या चार ओळी: जीवनसत्त्वांची कमतरता आणि अतिरेक

जीवनसत्त्वांचा तक्ता आपण शाळेत पाठ केला होता. 'अ' कमी पडलं की रातांधळेपणा, 'क' कमी पडलं की स्कर्व्ही, 'ड' कमी पडलं की मुडदूस. डावीकडे नाव, उजवीकडे रोग, जोड्या लावा आणि पाच गुण घ्या. प्रत्यक्षात माणूस डॉक्टरकडे जातो तो उजवीकडून, म्हणजे लक्षण घेऊन, आणि एकच लक्षण तक्त्यात अनेक ओळींत सापडतं. शिवाय शाळेतल्या तक्त्यात 'जास्त झाल्यास' हा रकानाच नव्हता. इकडे सुपरमार्केटमध्ये गोळ्यांच्या बाटल्यांची अख्खी रांग असते, तेव्हा तो रकाना आता लागतोच.

आधी पूर्ण तक्ता देतो. मग त्यातलं एकच लक्षण घेऊ, पायांना येणाऱ्या मुंग्या, आणि ते कोणत्या ओळीतलं हे कसं ओळखायचं ते पाहू.

| जीवनसत्त्व | कशातून मिळतं | काम | कमी पडल्यास | जास्त झाल्यास |
|---|---|---|---|---|
| अ | गाजर, पालेभाज्या, आंबा, दूध, अंडी, कलेजी | दृष्टी, त्वचा, प्रतिकारशक्ती | रातांधळेपणा, डोळे कोरडे पडणे | डोकेदुखी, यकृताला इजा, गर्भाला धोका |
| ब-१ | अख्खी धान्यं, डाळी, शेंगदाणे | पिष्टमय पदार्थांपासून ऊर्जा | बेरीबेरी: पायांत मुंग्या, सूज, हृदय कमकुवत | अपाय दिसलेला नाही |
| ब-२ | दूध, अंडी | ऊर्जानिर्मिती | ओठांचे कोपरे फाटणे, जीभ लाल होणे | लघवी गडद पिवळी, अपाय नाही |
| ब-३ | शेंगदाणे, मासे, चिकन | ऊर्जानिर्मिती | पेलाग्रा: उघड्या त्वचेवर चट्टे, जुलाब, भ्रम | चेहरा लाल होणे, यकृताला इजा |
| ब-५ | जवळजवळ सर्व अन्न | ऊर्जानिर्मिती | अतिशय दुर्मिळ | जुलाब |
| ब-६ | केळी, बटाटा, हरभरे, मासे | प्रथिनांचा वापर, मज्जातंतूंचे संदेश | पायांत मुंग्या, रक्तक्षय, झटके | पायांत मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे |
| ब-७ (बायोटिन) | अंडी, शेंगदाणे | चरबी आणि साखरेचा वापर | केस गळणे, पुरळ | अपाय नाही, पण काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात |
| ब-९ (फोलेट) | पालेभाज्या, डाळी, फॉलिक आम्ल घातलेला मैदा | डीएनए बनवणे | मोठ्या पेशींचा रक्तक्षय, गर्भाच्या कण्यात दोष | ब-१२ ची कमतरता झाकली जाते |
| ब-१२ | दूध, दही, अंडी, मासे, मांस | डीएनए बनवणे, मज्जातंतूंचं आवरण | मोठ्या पेशींचा रक्तक्षय, मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा | वरची मर्यादा ठरवलेली नाही |
| क | आवळा, पेरू, लिंबू, संत्री | कोलॅजन, लोहाचं शोषण | स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, जखमा न भरणे | जुलाब, मूतखडे |
| ड | ऊन, तेलकट मासे, 'ड' घातलेलं दूध | कॅल्शियमचं शोषण | मुडदूस. मोठ्यांत हाडं दुखणे, मऊ पडणे | रक्तात कॅल्शियम वाढणे, मळमळ, मूतखडे |
| इ | तेलं, बदाम, सूर्यफुलाच्या बिया | पेशींच्या आवरणाचं रक्षण | क्वचित. तोल जाणे | रक्तस्रावाचा धोका |
| के | पालेभाज्या | रक्त गोठणे | रक्तस्राव, विशेषतः नवजात बाळांत | वॉरफरिन घेणाऱ्यांत औषधाचा परिणाम घटतो |

'मुंग्या' हा शब्द तक्त्यात शोधा. ब-१ कमी, ब-६ कमी, ब-६ जास्त आणि ब-१२ कमी, अशा चार ठिकाणी तो सापडेल. आता ब-९ च्या ओळीचा शेवटचा रकाना पाहा. तिथे लिहिलेला अपाय ब-९ चा स्वतःचा नाहीच, तो खालच्या ओळीतल्या ब-१२ चा आहे. असं का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल, आणि तो आपल्या मुंबईतून जातो.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश संशोधक मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्सने त्यांना यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ फोलेट होता, हे पुढे कळलं. १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवता येऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी ते 'पर्निशियस अ‍ॅनिमिया' या दुसऱ्या रक्तक्षयाच्या रुग्णांनाही दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचं रक्त सारखंच दिसे. रक्त सुधारलं. पण काही रुग्णांच्या पायांतली बधिरता वाढत गेली, चालणं बिघडलं. या दुसऱ्या आजारात कमतरता ब-१२ ची होती, आणि ब-१२ शुद्ध स्वरूपात हाती लागलं ते १९४८ मध्ये.

पेशीच्या आत काय होतं ते पाहू. नवी तांबडी पेशी बनवायला डीएनए लागतो आणि त्यासाठी फोलेट लागतं. पेशीतलं फोलेट पुन्हा वापरण्याजोगं करण्याचं काम ब-१२ करतं. ब-१२ नसेल तर फोलेट असूनही अडकून पडतं, डीएनए वेळेवर बनत नाही, पेशी फुगत राहतात पण विभागत नाहीत. म्हणून दोन्ही कमतरतांत रक्त सारखं दिसतं. गोळीतलं फॉलिक आम्ल मात्र दुसऱ्या वाटेने आत येतं आणि ती अडकलेली पायरी टाळतं. रक्ताचं काम सुरू होतं. मज्जातंतूंच्या आवरणाची निगा राखणं हे ब-१२ चं दुसरं काम आहे, त्यात फॉलिक आम्ल मदत करू शकत नाही. धोक्याची घंटा बंद होते आणि आग चालूच राहते. म्हणूनच अमेरिकेत प्रौढांसाठी फॉलिक आम्लाची वरची मर्यादा दिवसाला १००० मायक्रोग्रॅम ठरवली आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ, पण यातला एकेक तुकडा तुम्हाला ओळखीचा वाटेल. ६४ वर्षांच्या एक काकू, शुद्ध शाकाहारी, मुलाकडे अमेरिकेत राहायला आलेल्या. दहा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. दुधाने पोट फुगतं म्हणून दूध-दही बंद, फक्त दोन कप चहात मिळून साधारण १०० मिली दूध. सहा महिन्यांपासून पायांना मुंग्या. ओळखीच्या कुणीतरी सुचवलं म्हणून नसांसाठीची एक गोळी सुरू केली आहे, तिच्यात रोज १०० मिलिग्रॅम ब-६ आहे. सगळे म्हणतात, "शुगरमुळे होतंय."

हिशोब करू. प्रौढाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम ब-१२ लागतं. एक मोठा कप, म्हणजे २४० मिली दुधात सुमारे १.२ मायक्रोग्रॅम असतं. काकूंच्या चहातून मिळतं साधारण ०.५, म्हणजे गरजेच्या पाचवा हिस्सा. त्यातही मेटफॉर्मिन ब-१२ चं शोषण कमी करतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर लगेच काहीच जाणवत नाही.

रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन १२.६, तांबड्या पेशींचा सरासरी आकार ८८. दोन्ही ठीक. इथेच बरेच जण थांबतात. पण काकूंना लोहही थोडं कमी आहे, आणि लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. एक कमतरता पेशी मोठ्या करते, दुसरी लहान, आणि सरासरी मधोमध येते. भर म्हणून अमेरिकेत १९९८ पासून ब्रेड, पास्ता, मैदा यांत फॉलिक आम्ल घालणं बंधनकारक आहे. अन्नातल्या एवढ्या मात्रेने ब-१२ ची कमतरता कितपत झाकली जाते यावर मतभेद आहेत. पण रक्त चांगलं दिसतंय म्हणून मज्जातंतूही सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही, हे नक्की.

ब-१२ ची पातळी आली २४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारणपणे २०० च्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तुमच्या देशात अहवाल पिकोमोलमध्ये येत असेल तर आकड्याला ०.७४ ने गुणा. २४० चे होतात सुमारे १७७. संशयाच्या पट्ट्यात पुढची चाचणी मिथाइलमॅलोनिक आम्लाची. ब-१२ नसेल तर हे आम्ल साचतं, फोलेट किंवा ब-६ च्या गडबडीत नाही. काकूंचं आलं ०.९ मायक्रोमोल, नेहमीच्या ०.४ च्या वरच्या हद्दीच्या दुपटीहून अधिक. मूत्रपिंड कमजोर असलं तरी हा आकडा वाढतो, म्हणून क्रिएटिनिनही पाहिलं. ते ठीक निघालं.

तपासणीतही खुणा होत्या. अंगठ्याला कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क लावला तर काकूंना कंप कळत नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण पाय कुठे आहेत याची खबर मज्जारज्जूतून मेंदूला नीट पोचत नाही आणि ती उणीव एरवी डोळे भरून काढत असतात. मधुमेहानेही मुंग्या येतात, आणि दोन्ही एकत्र असू शकतात. पण वाढलेलं मिथाइलमॅलोनिक आम्ल मधुमेहाच्या खात्यात टाकता येत नाही.

राहिली ब-६ ची गोळी. अमेरिकेत १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. मुंग्या गोळीच्या आधीपासूनच्या आहेत, त्यामुळे मूळ कारण ती नाही. पण तीच मुंग्या वाढवू शकते, म्हणून ती बंद.

लक्षणं मज्जातंतूंची असतील तर सुरुवात बहुधा ब-१२ च्या इंजेक्शनांनी करतात. फॉलिक आम्ल लागलंच तर ते ब-१२ सुरू झाल्यावर. पुढे १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. हा आकडा २.४ च्या तुलनेत अचाट वाटेल, पण आतड्यातली नेहमीची वाट एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच उचलते, बाकीच्यातलं जेमतेम एक टक्का झिरपतं. म्हणजे हाती लागतात दहा-बारा मायक्रोग्रॅम. रक्त काही आठवड्यांत सुधारतं. मज्जातंतूंना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर थोडी बधिरता कायमची राहते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या, कारण एकदा गोळी चालू झाली की आकडा वाढतो आणि मागचं चित्र पुसलं जातं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही चाचणीआधी सांगा. आणि हे वाचून गरोदरपणातलं फॉलिक आम्ल मात्र कुणी बंद करू नका. तिथे ४०० मायक्रोग्रॅमची गोळी बाळाच्या कण्यासाठी हवीच. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यांना विचारण्याचा प्रश्न एवढाच: "हिमोग्लोबिन ठीक आहे, पण ब-१२ पाहिलंय का?"