रीसेटची लिंक कुणाच्या हाती लागते?

पासवर्ड विसरल्याचं कळवलं की वेबसाइट आपल्या ईमेलवर एक लिंक पाठवते. तिच्या शेवटी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते, तिला टोकन म्हणतात. ज्याच्या हाती टोकन, त्याच्या हाती खातं. जुना पासवर्ड कुणी विचारत नाही. त्यामुळे ही सोय उभारणाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर एकच विचार करायला हवा: या क्षणी ही लिंक कुणाकुणाला मिळू शकते?

टोकन तयार करताना वेळ किंवा खातेक्रमांक वापरला, तर दुसऱ्यालाही ते जुळवता येतं. ते सुरक्षिततेसाठीच बनवलेल्या यादृच्छिक आकड्यांतून यावं. अशा 32 बाइटचं टोकन अंदाजाने ओळखणं अशक्यच. पण तेच टोकन डेटाबेसमध्ये जसंच्या तसं लिहून ठेवलं, तर बॅकअपची एखादी फाइल फुटताच त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या लिंका उघड्या पडतात. म्हणून मूळ टोकन फक्त मेलमध्ये जातं. डेटाबेसमध्ये राहतो त्याचा SHA-256 हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा, आणि सोबत खातं व मुदत. लिंक उघडली की आलेल्या टोकनचा पुन्हा हॅश काढून दोन्ही ताडून पाहतात.

एवढी काळजी घेऊनही घात होऊ शकतो, हे प्रोग्रॅमरांच्या रोजच्या वापरातल्या गिटलॅबच्या बाबतीत दिसलं. पर्यायी ईमेलवरूनही पासवर्ड रीसेट करता यावा म्हणून 2023 मध्ये त्यात बदल केला गेला. त्यानंतर रीसेटच्या विनंतीत एका पत्त्याऐवजी दोन पत्त्यांची यादी पाठवली, तर प्रणाली यादीतल्या पत्त्यांवरून खातं शोधायची आणि लिंक मात्र दोन्ही पत्त्यांवर धाडायची. दुसरा पत्ता हल्लेखोराचा असला तरी! खातेदाराने काहीही दाबण्याची गरज नव्हती. जानेवारी 2024 मध्ये CVE-2023-7028 या नावाने ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. ज्यांनी दुहेरी पडताळणी चालू ठेवली होती, त्यांचा पासवर्ड बदलता आला असता, पण खात्यात शिरता आलं नसतं.

इथे टोकन कच्चं नव्हतं, पाठवण्याचा पत्ता चुकीच्या ठिकाणाहून घेतला गेला. फॉर्ममध्ये टाइप केलेला ईमेल फक्त खातं शोधण्यापुरता वापरावा. मेल मात्र डेटाबेसमध्ये नोंदलेल्या, पडताळलेल्या पत्त्यावरच पाठवावा. लिंकमधलं वेबसाइटचं नावही आलेल्या विनंतीतून न उचलता स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावं. नाहीतर मेल योग्य माणसाला जातो, पण त्याने क्लिक करताच टोकन हल्लेखोराच्या सर्व्हरवर पोचतं.

टोकन एकदाच चालावं, या नियमातही एक खाचखळगा आहे. समजा, एका कर्मचाऱ्याला 11:02 ला लिंक गेली. त्याने 11:10 ला ती उघडली, तर ‘ही लिंक आधीच वापरली आहे’ असं उत्तर. नवी मागवली, तरी तेच. लॉग पाहिला, तर मेल गेल्यावर काही सेकंदांतच लिंक उघडलेली, तीही अनोळखी आयपी पत्त्यावरून. बहुतेक वेळा हा चोर नसतो. कार्यालयाची मेल तपासणारी यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक माणसाच्या आधी स्वतः उघडून बघते. म्हणून लिंक उघडल्यावर फक्त फॉर्म दिसावा, आणि नवा पासवर्ड सबमिट झाला तरच टोकन रद्द व्हावं. त्या वेळीही ‘वापरलेलं नाही ना’ हे तपासणं आणि ‘वापरलं’ अशी नोंद करणं डेटाबेसच्या एकाच आज्ञेत व्हायला हवं. दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या, तर एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्या दोन्ही पास होतात.

मुदत किती असावी, यावर एकमत नाही. लाराव्हेल मुळात 60 मिनिटं देतं, जँगो तीन दिवस. मला तीन दिवस फार वाटतात. तेवढा वेळ ती लिंक इनबॉक्समध्ये जिवंत पडून राहते. पण पाच मिनिटंही अन्यायाची, कारण काही मेल सर्व्हर अनोळखी प्रेषकाचा मेल मुद्दाम थोपवून धरतात. अर्धा ते एक तास ठीक.

पासवर्ड बदलला की काम संपलं, असं समजून पुष्कळ जण थांबतात. मात्र खातं आधीच कुणी बळकावलं असेल, तर त्याचं जुनं लॉगिन तसंच चालू राहतं. म्हणून त्याच क्षणी सगळ्या उपकरणांवरची लॉगिन बंद करावीत, त्या खात्याची इतर न वापरलेली टोकन रद्द करावीत आणि पासवर्ड बदलल्याची सूचना नोंदलेल्या पत्त्यावर पाठवावी. त्या सूचनेत नवा पासवर्ड कधीही लिहू नये.