संगणकावरची पिशवी आणि तिचा हिशेब

एका पिशवीत खूप मणी आहेत व त्यांतले १० टक्के लाल आहेत असे समजा. त्यातून २० मणी काढले आणि लाल मण्यांचे प्रमाण मोजले, की ते पिशवीतल्या प्रमाणाचे ‘आकलक’ झाले. पुस्तकी रीत अशी: या प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना १.९६ पट प्रमाण त्रुटी घ्या. त्या दोन मर्यादांत खरे प्रमाण सापडण्याची खात्री ९५ टक्के. हे खरे आहे का?

उत्तर ठाऊक असलेली पिशवी संगणकात तयार करून हे तपासता येते. यालाच प्रतिरूपण म्हणतात. त्याचा अहवाल लिहिताना आधी परिस्थिती सांगावी: खरे प्रमाण किती व नमुना केवढा. मग पुनरावृत्ती किती ते सांगावे. ही संख्या मनाने ठरवायची नसते. १०० वेळा प्रयोग केला तर ९५ टक्क्यांच्या मोजणीतच सुमारे २.२ टक्क्यांची प्रमाण त्रुटी राहते. १०,००० वेळा केला तर ती ०.२ वर येते. म्हणून प्रत्येक निष्कर्षाशेजारी ही त्रुटी लिहावी.

आता निष्कर्ष पाहू. सर्व आकलकांची सरासरी १० टक्क्यांच्या अगदी जवळ येते, म्हणजे अभिनती शून्य. मात्र मर्यादांत खरे प्रमाण सापडण्याचे प्रमाण, म्हणजे व्याप्ती, ९५ नव्हे तर सुमारे ८७.६ टक्केच भरते. आकलक निर्दोष असूनही मर्यादा फसव्या असू शकतात, म्हणून दोन्ही आकडे द्यावे लागतात.

दोष कुठे आहे? सुमारे १२ टक्के वेळा २० मण्यांत एकही लाल निघत नाही. तेव्हा प्रमाण शून्य, त्रुटीही शून्य, आणि मर्यादा एका बिंदूवर मिटतात. ‘हे नमुने निरुपयोगी’ म्हणून कोणी गाळले, तर उरलेल्यांत व्याप्ती ९९.७ टक्के दिसते! म्हणून असे नमुने किती आले व त्यांचे काय केले, हे अहवालात स्पष्ट असले पाहिजे.

परिस्थितीची निवडही तितकीच महत्त्वाची. निम्मे मणी लाल असलेली पिशवी घेतली तर त्याच २० मण्यांवर व्याप्ती ९५.९ टक्के येते. फक्त तीच पिशवी तपासणाऱ्याला दोष दिसणारच नाही.

ॲग्रेस्टी व कूल यांनी १९९८ साली सोपा उपाय मांडला: दोन लाल व दोन इतर मणी मनाने मिळवून मग तेच सूत्र वापरा. १० टक्क्यांच्या पिशवीत व्याप्ती ९५.७ टक्के होते. पण या आकलकाला अभिनती येते: सरासरी १० ऐवजी १६.७ टक्के. म्हणजे त्याचा उपयोग मर्यादा काढण्यापुरता. प्रमाण सांगताना मूळचेच सांगावे.