दोन-एक झाले, आता सर्व्हिस कोणाची?

शाळांच्या बॅडमिंटन स्पर्धेत एकेरीचा सामना सहसा अडत नाही. अडते ती दुहेरी. गुण 2–1 होतात, शटल नेटखालून पलीकडे ढकलले जाते आणि चारही मुली एकमेकींकडे पाहू लागतात. सर्व्हिस आपल्या बाजूची हे कळते, पण दोघींपैकी कोणाची, ते कळत नाही. शेवटी ज्या मुलीचा आवाज मोठा, तिचे खरे ठरते. मुलांना पंचगिरी शिकवायची असेल तर सुरुवात या क्षणापासून करावी, असे मला ठामपणे वाटते.

आधी चौकोन समजून घेऊ. नेटपासून 1.98 मीटरवर एक आडवी रेघ असते. तिच्या मागच्या भागाचे मधल्या उभ्या रेघेने उजवा आणि डावा असे दोन चौकोन होतात. सर्व्हिस तिरकी, म्हणजे उजवीकडून समोरच्याच्या उजव्या चौकोनात जाते. एकेरीत हा चौकोन अरुंद आणि शेवटच्या रेघेपर्यंत लांब असतो. दुहेरीत तो बाजूने रुंद होतो, पण मागून 76 सेंटिमीटर आखूड होतो. मुले नेमके हेच विसरतात. दुहेरीतली उंच सर्व्हिस मागच्या दोन रेघांच्या मध्ये पडली तर ती बाहेर. रॅली सुरू झाल्यावर तीच जागा आत. शटल रेघेवर पडले, तर ते आतच.

सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. एकेरीत एवढे पुरते. दुहेरीत आणखी एक नियम जोडावा लागतो आणि सगळा गुंता त्यानेच सुटतो: स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळाला तरच त्या बाजूच्या दोघी जागा बदलतात. समोरच्यांच्या सर्व्हिसवर गुण मिळवला, तर गुण आणि सर्व्हिस दोन्ही मिळतात, पण कोणी हलत नाही.

हे कोर्टवर सांगून डोक्यात बसत नाही. फरशीवर खडूने कोर्ट आखावे, कॅरमच्या चार सोंगट्या घ्याव्यात आणि त्यांवर नावे लिहावीत. समजा सई आणि मीरा एका बाजूला, रिया आणि गार्गी दुसऱ्या बाजूला. सई उजवीकडून रियाला पहिली सर्व्हिस करते आणि रॅली सईची बाजू जिंकते: 1–0. गुण स्वतःच्या सर्व्हिसवर मिळाला, म्हणून सई डावीकडे जाते, मीरा उजवीकडे येते. सई आता गार्गीला सर्व्हिस करते. ही रॅली रिया-गार्गी जिंकतात: 1–1. सोंगट्यांना हात लावायचा नाही. रिया उजवीकडेच आहे, गार्गी डावीकडेच. त्यांचा गुण एक, म्हणजे विषम. म्हणून डावीकडची गार्गी सर्व्हिस करणार आणि ती घेणार डावीकडे उभी असलेली सई.

पुढची रॅली सई-मीराची: 2–1. पुन्हा कोणी हलत नाही. गुण सम, उजवीकडे आहे मीरा, म्हणून सर्व्हिस मीराची. मघाशी सगळ्या अडल्या होत्या त्या प्रश्नाचे हे उत्तर. मग रिया-गार्गी जिंकतात, 2–2, आणि उजवीकडची रिया सर्व्हिस करते. ती गुण घेते, दोघी जागा बदलतात, 3–2 होतात. त्यानंतरची रॅली सईची बाजू जिंकते. 3–3, विषम, डावीकडे सई. सर्व्हिस परत सईकडे आली.

सर्व्हिस कोणत्या क्रमाने फिरली ते पाहा: सई, गार्गी, मीरा, रिया, सई. सामना कितीही रंगला तरी गेममध्ये हा क्रम मोडत नाही. मोडला, तर कोणीतरी चुकीच्या जागी उभे आहे हे नक्की समजावे.

इथे जुन्या खेळाडू-शिक्षकांचीही गफलत होते. 2006 पर्यंत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे. त्यामुळे प्रत्येक गुणासोबत जागा बदलायची आणि गुण सम असताना पहिली सर्व्हिस करणारी खेळाडू उजवीकडेच सापडायची. ही खूण तेव्हा अचूक होती. आताच्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण आहे, आणि वरच्या उदाहरणात 2–1 वर सई डावीकडे आहे. जुन्या खुणेवर विसंबलेला पंच तिला उजवीकडे पाठवतो आणि तिथून पुढचे सगळे बिघडते.

म्हणून मुलांना खुर्चीवर बसवण्याआधी स्कोअरशीट भरायला द्यावी. चार खेळाडूंच्या चार आडव्या ओळी. एका रॅलीला एक उभा रकाना आणि त्या रकान्यात एकच आकडा: जिंकलेल्या बाजूचा नवा गुण, आता सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूच्या ओळीत. आपल्या उदाहरणात सईच्या ओळीत 1, मग गार्गीच्या ओळीत 1, मीराच्या 2, रियाच्या 2 आणि 3, पुन्हा सईच्या 3. भरलेले रकाने सहा, दोन्ही बाजूंचे गुण मिळून सहा. हा ताळा जुळला नाही तर गुण लिहायचा राहिला आहे किंवा दोनदा लिहिला गेला आहे.

तरीही चूक होईल. मीराऐवजी सईने सर्व्हिस केली आणि दोन रॅलींनंतर ते लक्षात आले, तर मुलांचा पहिला कल गुण रद्द करण्याकडे असतो. नियम तसा नाही. शीट पाहून जागा दुरुस्त करायच्या. झालेले गुण कायम राहतात. हे सामन्याआधीच सर्वांना सांगून ठेवले तर भांडण होत नाही.

गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा आकडा आधी येतो. सर्व्हिस बदलली की ‘सर्व्हिस ओव्हर, टू-वन’. पुकारा पुढच्या सर्व्हिसच्या आधी आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा हवा, कारण घोळ झालाच तर खेळाडू तेव्हाच हात वर करतील. 21 गुणांच्या गेममध्ये 20–20 झाले की दोन गुणांची आघाडी लागते. 29–29 वर मात्र पुढचा एकच गुण निकाल लावतो.

फॉल्ट शिकवताना पूर्ण यादी पाठ करून घेण्यापेक्षा नजर कुठे ठेवायची ते शिकवावे. सर्व्हिसच्या वेळी आधी पाय पाहावेत: रेघेला स्पर्श नको, आणि शटल मारले जाईपर्यंत दोन्ही पावलांचा काही भाग जागेवर टेकलेला हवा. मग हात. मारण्याच्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असले पाहिजे. दोन काठ्यांवर या उंचीला पट्टी चिकटवली तर सरावापुरते काम होते. पट्टी डोळ्यांच्या रेषेत येईल अशा उंचीवर, नेटच्या खांबाजवळ एका मुलाला खुर्ची देऊन फक्त तेवढेच पाहायला सांगावे. उभे राहून वरून पाहिले तर खालची सर्व्हिसही उंच वाटते.

रॅलीत सर्वांत जास्त निसटतो तो नेटचा फॉल्ट. नेटजवळ शटल खाली ठोकले की प्रत्येकाची नजर त्याच्यामागे जमिनीवर जाते आणि तेवढ्यात रॅकेट किंवा बाही नेटला लागून जाते. पंचाने तिथे क्षणभर नेटवरच नजर ठेवायची. शटल कुठे पडले ते रेघेवरचा पंच सांगेल. रॅकेट नेटपलीकडे गेली म्हणून लगेच फॉल्ट देऊ नये. शटलला रॅकेट आपल्या बाजूला लागली आणि फटक्याच्या ओघात नेटवरून पलीकडे गेली, तर ते चालते. शटल लागण्याची जागाच पलीकडे असेल तर फॉल्ट.

आणि रेघेवरच्या मुलाला दिसलेच नाही, पंचालाही दिसले नाही, तर अंदाजाने गुण द्यायचा नाही. ‘लेट’ पुकारायचा, गुण तेच, सर्व्हिस तिचीच, आणि शीटवरचा पुढचा रकाना कोराच ठेवायचा.